चयापचयाचा एकच सलग नकाशा काढून जीवरसायनशास्त्र शिकणे: उपाशीपोटी घेतलेल्या मद्याचे उदाहरण

निशिगंधा_प (धागाकर्ती)

नमस्कार. मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शिकते. गेल्या चार महिन्यांत मी ग्लायकोलिसिस, क्रेब्ज चक्र, ग्लुकोनिओजेनेसिस, बीटा-ऑक्सिडेशन आणि कीटोननिर्मिती हे मार्ग एकेक करून, प्रत्येकासाठी स्वतंत्र पान करून पाठ केले. कोणताही एक मार्ग विचारला तर मी एन्झाइमांसह लिहून दाखवू शकते. अंतर्गत परीक्षेत मात्र पुढील प्रश्न आला आणि माझ्याकडून एक ओळही धड लिहिली गेली नाही.

चाळिशीतील एक गृहस्थ दोन दिवस जवळजवळ काहीही न खाता मद्य घेत होते. सकाळी ते घामाघूम झालेले आणि असंबद्ध बोलत असलेले आढळले. रक्तशर्करा 38 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, रक्तातील लॅक्टेट वाढलेले, लघवीच्या पट्टीवर कीटोन अल्प. ग्लुकागॉन देऊनही साखर वाढली नाही. कारणमीमांसा करा.

आमच्या एका वरिष्ठ विद्यार्थिनीने सुचवले की सगळे मार्ग एकाच मोठ्या ड्रॉइंग शीटवर जोडून काढावेत. मी रविवारचा पूर्ण दिवस घालवून तसे केले. सुमारे सत्तर नावे आणि त्याहून अधिक बाण झाले, पण तो कागद पाहून वरच्या प्रश्नाचे उत्तर अजूनही मला दिसत नाही. माझा प्रश्न असा आहे की असा नकाशा नेमका कसा काढावा आणि त्यातून काय वगळावे?

काजवा

इतका वेळ घालवण्याचे कारण मला समजले नाही. भिंतीवर लावण्याचे छापील तक्ते मिळतात आणि त्यांत सगळे मार्ग एकमेकांना जोडलेलेच असतात. मी बी.फार्म.ला असताना असा एक तक्ता वसतिगृहाच्या खोलीत दारामागे लावला होता. ताईंना हवा असल्यास शैक्षणिक साहित्याच्या कोणत्याही मोठ्या दुकानात चौकशी करावी.

निवृत्त_अध्यापक

काजवा, तुमची सूचना सद्भावनेची आहे, पण निशिगंधा यांनी तक्ता कोठे मिळेल असे विचारलेले नाही. लीड्स विद्यापीठातील डोनाल्ड निकोल्सन यांनी 1950 च्या दशकात असे तक्ते काढण्यास आरंभ केला आणि ते जगभरच्या विभागांत लागले. आमच्याही विभागात एक होता. तो तक्ता एखादी जागा शोधण्यासाठी उत्तम होता. परंतु त्यासमोर उभा राहून शिकलेला विद्यार्थी मी तीस वर्षांत पाहिला नाही, कारण त्यात काय महत्त्वाचे याची निवड दुसऱ्याने केलेली असते, किंबहुना कोणतीच निवड केलेली नसते.

निशिगंधा, तुमच्या कागदाचे तेच झाले आहे. तुम्ही पाच पाने एकमेकांना चिकटवली, म्हणून पाच पानांची गर्दी एका पानावर आली. नकाशा म्हणजे मार्गांची बेरीज नव्हे. गावाचा नकाशा काढताना आपण प्रत्येक घर दाखवत नाही. नदी, पूल आणि तिठे दाखवतो, कारण पूल वाहून गेला तर कोणकोणती वस्ती तुटेल हे आपल्याला पाहायचे असते.

मी वर्गात जे करून घेत असे ते सांगतो. सर्वप्रथम अवयव एकच घ्यावा, आणि तो यकृत असावा. कागदाच्या मध्यभागी एक मोठा लंबगोल काढावा, तो मायटोकॉन्ड्रिया. त्याच्या बाहेरचे सारे पेशीद्रव आणि कागदाच्या कडेबाहेर रक्त. ही सीमारेषा आधी काढणे अत्यावश्यक आहे. ती मागाहून काढता येत नाही, कारण तोवर तुम्ही ऑक्झॅलोअॅसिटेट कोठेतरी मधोमध लिहून टाकलेले असते.

त्यानंतर केवळ तिठ्यांची नावे लिहावीत. माझ्या हिशेबाने ती अशी आहेत: लंबगोलाबाहेर ग्लुकोज-6-फॉस्फेट, त्याखाली तीन कार्बनचे ट्रायोज फॉस्फेट, त्याखाली पीईपी म्हणजे फॉस्फोइनॉलपायरुवेट, आणि सीमेला लागून पायरुवेट. लंबगोलाच्या आत अॅसिटिल-कोए, ऑक्झॅलोअॅसिटेट, सिट्रेट, अल्फा-कीटोग्लुटरेट आणि मॅलेट. प्रत्येकाच्या शेजारी कार्बनची संख्या लिहावी. मधल्या पायऱ्या लिहू नयेत; त्या तुम्हाला पाठ आहेतच.

आता बाण. परतीचा रस्ता असेल तेथे दुहेरी बाण, नसेल तेथे एकेरी. पायरुवेटपासून अॅसिटिल-कोएकडे जाणारा बाण एकेरी आहे, आणि तो लाल शाईने काढावा, कारण संपूर्ण कागदावर त्याच्याइतका परिणामकारक बाण दुसरा नाही. मेदाम्लांचा रस्ता थेट अॅसिटिल-कोएमध्ये उतरतो. बोट तेथे ठेवून ग्लुकोजपर्यंत जाण्याचा प्रयत्न करा. मागे लाल बाण अडवतो. पुढे चक्रात गेलात तर दोन कार्बन आत येतात आणि ऑक्झॅलोअॅसिटेटपर्यंत पोहोचण्याआधीच कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बाहेर पडतात, त्यामुळे शिल्लक काही उरत नाही. माणसाच्या शरीरात मेदाम्लांच्या या दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांपासून निव्वळ ग्लुकोज होत नाही हे वाक्य तुम्ही पाठ केले असेल. कागदावर ते बोटाला समजते.

शेवटी वेगळ्या रंगाने, समजा हिरव्याने, एनएडीएच कोठे तयार होते आणि कोठे खर्च होते एवढेच चिन्हांकित करावे. पेशीद्रवातील साठा आणि मायटोकॉन्ड्रियातील साठा हे दोन वेगळे साठे मानावेत. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या हिरव्या खुणांमध्ये आहे. मी ते आताच सांगत नाही. नकाशा पुन्हा काढा, त्यावर मद्याचा प्रवेश दाखवा आणि येथे लिहा.

अधोरेखित

मी थोडे विरोधी मत मांडतो. मी पहिल्या वर्षाची परीक्षा दोनदा दिली आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. विद्यापीठाच्या परीक्षेत मर्यादाकारी एन्झाइम कोणते, किती एटीपी मिळतात, कोणते औषध कोणत्या पायरीवर काम करते, असे प्रश्न मोठ्या संख्येने येतात. सरांच्या नकाशात मधल्या पायऱ्याच नाहीत. ज्याने मार्ग पाठ केलेले नाहीत त्याला केवळ तिठे काढून काय मिळणार? मी दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झालो तो पाठांतरानेच, आणि त्याबद्दल मला खेद नाही.

निवृत्त_अध्यापक

आपल्या म्हणण्यात तथ्य आहे. मार्ग एकदाही न वाचता हा नकाशा काढता येत नाही. आधी मार्ग की आधी नकाशा, याबाबत माझ्या सहकाऱ्यांतही एकमत नव्हते. मी स्वतः आधी रिकामा सांगाडा दाखवून मग मार्ग शिकवत असे, तर माझ्या एक सहकारी बाई वर्षाच्या शेवटी नकाशा घेत असत आणि त्यांचे विद्यार्थीही चांगले तयार होत. मात्र रुग्णाचे वर्णन देऊन कारणे विचारणारा प्रश्न असेल तेथे पाठांतर ज्या जागी तोकडे पडते, ती जागा मला येथे दाखवायची आहे.

निशिगंधा_प (धागाकर्ती)

सर, आपण सांगितल्याप्रमाणे पुन्हा काढला. या वेळी अर्ध्या तासात झाला. आता मद्य दाखवते.

मद्य पेशीद्रवात अॅसिटाल्डिहाइड होते आणि तेथे एक एनएडीएच तयार होते. अॅसिटाल्डिहाइड मायटोकॉन्ड्रियात जाऊन अॅसिटेट होते आणि तेथे दुसरे एनएडीएच तयार होते. म्हणजे दोन्ही साठ्यांत एकेक हिरवी खूण वाढली. त्यानंतर मी केवळ पेशीद्रवातील ज्या दुहेरी बाणांवर हिरवी खूण आहे तेवढेच पाहिले आणि एनएडीएच जास्त असेल तर तो बाण कोणीकडे झुकेल असे प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारले.

लॅक्टेट आणि पायरुवेट यांच्यातील बाण लॅक्टेटकडे झुकतो. मॅलेट आणि ऑक्झॅलोअॅसिटेट यांच्यातील बाण मॅलेटकडे झुकतो. ग्लिसरॉल-3-फॉस्फेट आणि ट्रायोज फॉस्फेट यांच्यातील बाण ग्लिसरॉल-3-फॉस्फेटकडे झुकतो.

हे लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आले की उपाशी माणसाच्या यकृतात ग्लुकोज ज्या कच्च्या मालापासून तयार होते, ते लॅक्टेट, अॅलनीन आणि ग्लिसरॉल हे तिन्ही याच तीन बाणांवरून येतात. लॅक्टेट पायरुवेट होऊ शकत नाही. अॅलनीनपासून पायरुवेट होते, पण ते लॅक्टेटकडे वळते. ग्लिसरॉल अर्ध्या वाटेवर अडकते. जे थोडे पायरुवेट मायटोकॉन्ड्रियात जाऊन मॅलेटच्या रूपाने बाहेर येते, त्याचे पेशीद्रवात पुन्हा ऑक्झॅलोअॅसिटेट होत नाही. म्हणून साखर कमी आणि लॅक्टेट जास्त. ही दोन वेगळी कारणे नसून एकच कारण आहे. माझ्या पाच पानांवर हे तीन बाण तीन वेगळ्या पानांवर होते, त्यामुळे ते मला कधीच एकत्र दिसले नाहीत.

प्रमेय

मी एम.एस्सी. जीवरसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. निशिगंधा यांचे विवेचन आकर्षक आहे, परंतु त्यात एक विसंगती आहे. ग्लिसराल्डिहाइड-3-फॉस्फेट डिहायड्रोजनेजच्या पायरीवरही हिरवी खूण आहे. ग्लायकोलिसिसच्या दिशेने जाताना तेथे एनएडीएच तयार होते, म्हणजे ग्लुकोनिओजेनेसिसच्या दिशेने जाताना ते खर्च होते. पेशीद्रवात एनएडीएच भरपूर असेल तर ही पायरी ग्लुकोज तयार करण्याच्या बाजूला झुकली पाहिजे. त्यामुळे मद्याने ग्लुकोनिओजेनेसिसला मदत व्हावयास हवी. नकाशा जर एकाच नियमाने वाचायचा असेल, तर सोयीचे तीन बाण घेऊन चौथा सोडून देता येणार नाही. माझ्या मते येथे मूळ कारण यकृतातील ग्लायकोजन संपणे एवढेच आहे आणि एनएडीएचची भूमिका दुय्यम आहे.

निवृत्त_अध्यापक

प्रमेय, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात मुद्दाम विचारत असे आणि फार थोडे विद्यार्थी तो आपणहून उपस्थित करीत. तुमचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र बरोबर नाही.

बाण कोणीकडे झुकतो हे त्या बाणावरील सर्व भागीदारांवर ठरते, एकट्या एनएडीएचवर नव्हे. त्या पायरीला ग्लुकोजच्या दिशेने जाण्यासाठी एनएडीएच लागते तसेच 1,3-बिसफॉस्फोग्लिसरेटही लागते, आणि ते खालून, पीईपीकडून, वर चढत येते. पीईपी ऑक्झॅलोअॅसिटेटपासून होते. ऑक्झॅलोअॅसिटेटच तयार होत नसेल तर वरच्या पायरीला हवे तेवढे एनएडीएच मिळूनही उपयोग नाही. जिन्याच्या खालच्या पायऱ्या तुटल्या असतील तर वरची पायरी कितीही भक्कम असली तरी माडीवर कोणी पोहोचत नाही. म्हणून नकाशा वाचताना एक बाण पाहून थांबू नये. त्या बाणाकडे माल कोठून येतो तेथपर्यंत बोट मागे न्यावे.

येथे एक बारकावाही सांगतो. माणसाच्या यकृतात पीईपी तयार करणारे एन्झाइम पेशीद्रवात तसेच मायटोकॉन्ड्रियात, अशा दोन्ही ठिकाणी आहे. म्हणजे ऑक्झॅलोअॅसिटेट आतच पीईपी होऊन बाहेर येऊ शकते आणि निशिगंधा यांनी दाखवलेला मॅलेटचा अडथळा काही प्रमाणात टळू शकतो. परंतु मद्याचे दुसरे एनएडीएच आत तयार होत असल्याने आतलेही ऑक्झॅलोअॅसिटेट मॅलेटकडे ओढले जाते. तीन अडथळ्यांपैकी कोणाचा वाटा किती, हे या नकाशावरून सांगता येत नाही. नकाशा दिशा दाखवतो, प्रमाण दाखवत नाही.

ग्लायकोजनविषयी तुम्ही अर्धे बरोबर आहात. ते संपलेले नसते तर साखर इतकी उतरलीच नसती. पोटभर जेवलेल्या प्रौढाच्या यकृतात जेमतेम 100 ग्रॅम ग्लायकोजन असते आणि मेंदूला दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागते. एका दिवसाच्या उपवासात तो साठा बव्हंशी संपतो. परंतु दोन दिवस उपवास करणाऱ्या आणि मद्य न घेणाऱ्या निरोगी माणसाची साखर 38 वर जात नाही, कारण त्याच्या यकृतात ग्लुकोनिओजेनेसिस चालू असते. एक आधार उपवासाने गेला आणि दुसरा मद्याने, असे दोन्ही एकत्र घडल्यामुळे हे गृहस्थ कोसळले. ग्लुकागॉन का चालले नाही याचेही उत्तर यातच आहे: ते मुख्यतः ग्लायकोजन फोडण्याचा हुकूम देते, आणि कोठार रिकामे आहे.

प्रमेय

सर, मालाच्या पुरवठ्याचा मुद्दा मला मान्य आहे. तरीही एक शंका उरते. मद्याचे प्रमाण असे कितीसे असते? शरीरात ग्लुकोजचे ऑक्सिडेशन दिवसभर चालू असते आणि त्यातूनही पेशीद्रवात एनएडीएच तयार होतच असते. मग मद्याचाच एवढा परिणाम का व्हावा?

निवृत्त_अध्यापक

हिशेब करू या. आपल्याकडे ज्याला क्वार्टर म्हणतात ती 180 मिलिलिटरची बाटली असते आणि त्या मद्याची तीव्रता सहसा आकारमानाने 42.8 टक्के असते. म्हणजे सुमारे 77 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. त्याची घनता 0.79 धरली तर वजन सुमारे 61 ग्रॅम भरते. मद्यार्काचा रेणुभार 46, म्हणून हे साधारण 1.3 मोल झाले आणि पेशीद्रवात तेवढेच, म्हणजे 1.3 मोल एनएडीएच तयार झाले. ग्लायकोलिसिसमध्ये ग्लुकोजच्या एका रेणूमागे दोन एनएडीएच मिळतात, म्हणजे 1.3 मोल एनएडीएच मिळण्यासाठी 0.65 मोल, सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज त्या मार्गाने जावे लागेल. मेंदूची दिवसभराची गरज एवढीच आहे.

येथे एक भेद आहे. ते 120 ग्रॅम ग्लुकोज सर्व अवयवांत वाटून, गरजेप्रमाणे जळते. मद्य मात्र जवळजवळ सगळे एकट्या यकृतात जळते, आणि त्याला थांबवणारी कळ नाही. गरज असो वा नसो, सामान्यतः तासाला सुमारे 7 ते 10 ग्रॅम या वेगाने ते चालू राहते. म्हणजे एका क्वार्टरसाठी यकृत सहा ते आठ तास किंवा त्याहून अधिक काळ अडकून पडते. बांधकामावर रिकाम्या पाट्या खाली परत आल्या नाहीत तर माल भरणारे हात थांबतात, तसे येथे एनएडी या रिकाम्या पाटीचे झाले आहे. भरलेल्या पाट्या मायटोकॉन्ड्रियाकडे पोहोचवून रिकाम्या करण्याची सोय आहे, पण तिचा वेग मर्यादित आहे.

रानवारा

मी या क्षेत्रातील नाही, परंतु धागा वाचून माझ्या वडिलांविषयी विचारावेसे वाटते. त्यांचे वय 67 आहे. ते मद्य घेत नाहीत, तरीही सोनोग्राफीत यकृतात मेद वाढल्याचे आले आहे. त्यांना मधुमेहाच्या गोळ्याही चालू आहेत आणि ते दर एकादशीला निर्जळी उपवास करतात. वरील चर्चेप्रमाणे त्यांच्या यकृतातही एनएडीएच वाढले असेल का, आणि त्यांची साखर अशी एकदम उतरू शकते का?

दक्षिणायन

रानवारा, मी एका जिल्हा पातळीवरील रुग्णालयात आपत्कालीन विभागात काम करतो. तुमच्या वडिलांची स्थिती या धाग्यातील रुग्णापेक्षा वेगळी आहे. मद्याशिवाय होणाऱ्या मेदयुक्त यकृताचे कारण बहुधा इन्सुलिनला मिळणारा अपुरा प्रतिसाद आणि मेदाचा अतिरिक्त ओघ हे असते. त्यांच्या बाबतीत उपवासात साखर उतरण्याचा धोका आहे, पण तो गोळ्यांमुळे. मधुमेहाच्या काही गोळ्या, जेवण झालेले असो वा नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतात. त्यांची गोळी त्या प्रकारची आहे का आणि उपवासाच्या दिवशी ती घ्यावी का, हे त्यांच्या डॉक्टरांना पुढच्या एकादशीच्या आधी अवश्य विचारा. निर्जळी उपवासाविषयीही तेव्हाच बोलावे.

आता मूळ रुग्णाविषयी दोन गोष्टी, ज्या मी प्रत्यक्ष पाहतो. लघवीच्या पट्टीवर कीटोन अल्प दिसले म्हणून कीटोन कमी आहेत असे समजू नये. ती पट्टी अॅसिटोअॅसिटेट ओळखते, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ओळखत नाही. मायटोकॉन्ड्रियात एनएडीएच वाढल्यावर पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात होते. निशिगंधा यांच्या नकाशात हा चौथा झुकलेला बाण लंबगोलाच्या आत असायला हवा. अशा रुग्णात रक्तातील बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजले की ते बरेच वाढलेले आढळते. उपचारानंतर पट्टीवरील कीटोन काही काळ वाढलेले दिसतात आणि नवशिक्या डॉक्टरांना वाटते की रुग्ण बिघडला. वास्तविक तो सुधारत असतो, कारण बाण उलट फिरलेला असतो.

दुसरी गोष्ट थायमिनची. दीर्घकाळ मद्य घेणाऱ्या माणसात या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. नकाशावर पायरुवेटपासून अॅसिटिल-कोएकडे जाणारा तो लाल बाण आणि चक्रातील अल्फा-कीटोग्लुटरेटचा बाण, दोन्ही थायमिनवर अवलंबून आहेत. शिरेतून ग्लुकोज दिले आणि थायमिन दिले नाही, तर ग्लुकोज पायरुवेटपर्यंत येते आणि पुढचे दार बंद असल्याने लॅक्टेटकडे वळते. मेंदूला तर त्याहून मोठी इजा होऊ शकते. म्हणून आम्ही दोन्ही देतो. मात्र साखर 38 असताना थायमिनची कुपी येईपर्यंत ग्लुकोज थांबवून ठेवू नये, हेही मी येथे आवर्जून नोंदवतो.

अधोरेखित

हा पट्टीचा मुद्दा मला कोणी सांगितला नव्हता. मी तो केवळ बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर म्हणून लक्षात ठेवला होता. तरीही माझी मूळ अडचण कायम आहे. दक्षिणायन यांनी थायमिन लागणारे दोन बाण सहज सांगितले, कारण त्यांना ते पाठ आहेत. नकाशा पाहून ते कळले नसते.

निवृत्त_अध्यापक

होय, ते पाठच करावे लागते. कोणत्या एन्झाइमला कोणते सहघटक लागतात हे रेषा काढून उमजत नाही. पाठ केलेली गोष्ट कागदावर तिच्या जागी टाचली म्हणजे तिचे परिणाम दिसू लागतात, एवढाच माझा दावा आहे.

निशिगंधा, तुमच्या नकाशात नेहमी होणाऱ्या दोन चुका तपासून पाहा. पहिली अशी की विद्यार्थी यकृताच्या चौकटीत कीटोन परत अॅसिटिल-कोएकडे वळवतात. यकृत कीटोन तयार करते, पण त्यासाठी लागणारे एन्झाइम त्याच्याकडे नसल्याने ते स्वतः वापरू शकत नाही. तो बाण कागदाच्या कडेबाहेर रक्तात गेला पाहिजे. दुसरी अशी की मद्यापासून झालेले अॅसिटेट विद्यार्थी तिथल्या तिथे चक्रात घालतात. त्यातील बहुतांश अॅसिटेट यकृताबाहेर पडून स्नायू आणि इतर अवयवांत जळते. या दोन्ही चुका सीमारेषेच्या आहेत. चूक ओळखण्याची सोपी खूण म्हणजे कडेबाहेर जाणारे बाण मोजावेत. उपाशी यकृताच्या नकाशात ग्लुकोज, कीटोन आणि युरिया बाहेर जाताना दिसले नाहीत, तर काहीतरी आतच अडकवून ठेवलेले असते.

आता त्याच कागदावर दुसरा प्रश्न सोडवा. बिहारमधील मुझफ्फरपूर भागात उन्हाळ्यात लहान मुलांना पहाटे झटके येऊन मृत्यू होण्याच्या साथी येत असत. तेथील 2014 च्या साथीचा सविस्तर अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लिची खाणे आणि संध्याकाळचे जेवण न होणे यांचा आजाराशी संबंध आढळला, आणि लिचीत हायपोग्लायसिन ए व एमसीपीजी ही द्रव्ये असल्याचे दिसून आले. ही द्रव्ये मेदाम्लांचे बीटा-ऑक्सिडेशन अडवतात. त्या मुलांचीही रक्तशर्करा अत्यंत खाली जात असे. तुमच्या नकाशावर एकच बाण खोडा आणि साखर का उतरली ते सांगा. लक्षात घ्या की मेदाम्लांपासून ग्लुकोज होत नाही असे आपण वर म्हटले आहे.

काजवा

मीही कागद घेऊन बसलो आहे. मेदाम्लांपासून ग्लुकोज होत नसेल, तर तो मार्ग बंद झाल्याने ग्लुकोजला काय फरक पडावा? मला वाटते की कीटोन न मिळाल्याने मेंदू आणि स्नायू सारे ग्लुकोजच वापरू लागतात आणि ते संपते.

निशिगंधा_प (धागाकर्ती)

काजवा यांनी सांगितलेले एक कारण मलाही दिसले. त्याशिवाय नकाशावर आणखी दोन गोष्टी दिसतात. मेदाम्लांचा बाण खोडला की यकृताच्या मायटोकॉन्ड्रियात अॅसिटिल-कोए कमी होते. पायरुवेटचे ऑक्झॅलोअॅसिटेट करणारे एन्झाइम अॅसिटिल-कोए असेल तरच नीट काम करते. म्हणून अॅसिटिल-कोएचा कार्बन ग्लुकोजमध्ये जात नसला, तरी ते नसेल तर ग्लुकोजचे दार उघडत नाही. हे वाक्य मी पाठ केले होते, पण ते नियमनाच्या यादीत शेवटच्या ओळीवर होते. दुसरे म्हणजे ग्लुकोनिओजेनेसिसला लागणारे एटीपी उपाशी यकृताला मेदाम्लांपासूनच मिळते, तेही बंद झाले.

सर, मला येथे एक गंमतीशीर विरोध जाणवला. मद्याच्या रुग्णात एनएडीएच जास्त झाल्याने साखर उतरली, आणि या मुलांत बीटा-ऑक्सिडेशन बंद पडल्याने ते कमी होऊन साखर उतरली. म्हणून या मुलांत कीटोनही कमी असले पाहिजेत, आणि रक्तातील बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजले तर दोन्ही रुग्ण वेगळे ओळखता येतील. हे बरोबर आहे का?

निवृत्त_अध्यापक

कीटोनांबाबत तुमची अपेक्षा बरोबर आहे. साखर खाली असताना कीटोन वाढलेले नसणे ही बीटा-ऑक्सिडेशन अडल्याची नेहमीची खूण आहे. काजवा यांचे कारणही ग्राह्य धरावे. एक दुरुस्ती करतो: दोन्ही रुग्णांत एनएडीएचचा एकच साठा बदलला असे लिहू नका. मद्यात पेशीद्रव आणि मायटोकॉन्ड्रिया या दोन्ही साठ्यांत ते वाढले, तर बीटा-ऑक्सिडेशन मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात होत असल्याने लिचीच्या प्रकरणात आधी आतला साठा उतरतो. आता हे दोन्ही प्रसंग मूळ कागदावर न काढता त्यावर बटर पेपर ठेवून काढा, म्हणजे तेच तिठे पुन्हा वापरता येतील. तिसऱ्या बटर पेपरवर व्यायाम करणारा स्नायू काढायचा झाला तर ग्लुकोज-6-फॉस्फेटपासून रक्ताकडे जाणारा बाण ठेवायचा की खोडायचा, ते ठरवून येथे लिहा.

निशिगंधा_प (धागाकर्ती)

खोडायचा. स्नायूत ग्लुकोज-6-फॉस्फेटेज नसते, त्यामुळे तेथील ग्लायकोजन रक्तात ग्लुकोज म्हणून जाऊ शकत नाही. मग स्नायूतून रक्ताकडे जाणारे बाण लॅक्टेट आणि अॅलनीन यांचे असतील, आणि ते यकृताच्या कागदाच्या कडेशी येऊन मिळतील. दोन्ही कागद शेजारी चिकटवून पाहते. अॅलनीनसोबत जो नायट्रोजन येईल त्याच्यासाठी युरियाचे चक्र लंबगोलाच्या सीमेवर अर्धे आत आणि अर्धे बाहेर काढावे लागेल, आणि त्यासाठी मी मध्ये जागाच सोडलेली नाही. उद्या नवीन शीट आणून पुन्हा काढते.